मदत हवी आहे: मोरचूद तापवलं, तापमान दुप्पट केलं, तरी चुंबकाची ओढ निम्मी होत नाही

मुक्ता_खानापूर
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, बेळगावात. परवा जर्नल तपासायला द्यायची आहे आणि आकडे जुळत नाहीत. प्रयोग गॉय बॅलन्सचा. काचेच्या नळीत मोरचुदाची पूड भरून ती काट्याला टांगली, खालचं टोक चुंबकाच्या मधोमध. चुंबक चालू केलं की नळी खाली ओढली जाते, तेवढं वजन वाढलेलं दिसतं. 30 ला 28.3 आलं, 60 ला 25.2, 75 ला 9.8. चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या म्हणजे पॅरामॅग्नेटिक पदार्थाची ससेप्टिबिलिटी, म्हणजे ओढलं जाण्याची क्षमता, तापमानाच्या व्यस्त प्रमाणात, χ = C/T, C स्थिरांक, असं वर्गात झालंय. मग 60 ला 14 च्या आसपास यायला हवं होतं ना? तिथं काहीच झालं नाही, आणि 75 ला एकदम कोसळलं. उद्या दुपारी लॅब दोनच तास मिळणार आहे. कुणाला कळत असेल तर लवकर सांगा.

उद्यमबाग_फौंड्री
ताई, हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. कास्टिंग लाल असताना क्रेनचं मॅग्नेट त्याला धरतच नाही, जरा निवलं की झटकन उचलतं. लोखंड 770 अंशांच्या वर चुंबकत्व सोडतं. तुमच्या मोरचुदाचा तो अंश 70 च्या पुढे कुठंतरी असणार, म्हणून 75 ला पडलं. प्रयोग बरोबर आहे, तसंच लिहा.

शहापूर_निवृत्त
मुक्ता, तसं लिहू नकोस. आधी सांग: 30 आणि 60 हे सेल्सिअस का? रीडिंग मिलिग्रॅममध्ये का? रिकाम्या नळीचं रीडिंग कुठं आहे? चुंबक बंद असतानाचं वजन प्रत्येक तापमानाला घेतलंस की एकदाच? आणि नळी तापवलीस कशी? एवढं कळल्याशिवाय कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच.

अथणी_द्राक्षबाग
मोरचूद कुठल्या दुकानातलं? आम्ही बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी दरवर्षी घेतो, माल सारखा येत नाही. मिश्रण झाल्यावर घासलेला कोयता त्यात बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय समजायचं, नाहीतर पानं करपतात.

निपाणी_अभि
मला तर मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. तांब्याच्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, तांबं डायमॅग्नेटिक आहे, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकललं जाणारं. मग तांब्याचा क्षार चुंबकाकडे ओढला जाईलच कसा? पुडीत लोखंडाचा मळ असणार. आणि पॅरामॅग्नेटिकमध्ये अणूंना स्वतःचा मोमेंट, म्हणजे स्वतःचं छोटं चुंबकत्व, नसतंच, चुंबक जवळ आणला की ते तयार होतं.

शहापूर_निवृत्त
अभि, भांड्याचं तू म्हणतोस ते खरं आहे, पण भांड्यातलं तांबं आणि मोरचुदातलं तांबं एकसारखं नाही. धातूत तांब्याचं 3d कवच दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेलं असतं, जोड्या लागलेल्या, मोमेंट एकमेकांना खोडतात. मोरचुदात तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, 3d मध्ये नऊ उरतात, एक बिनजोडीचा. त्या एकट्यामुळे प्रत्येक तांब्याच्या आयनाला स्वतःचा छोटा मोमेंट असतो, चुंबक जवळ असो वा नसो. चुंबक त्यांना फक्त कल देतो. झिंक सल्फेट भरून बघ. त्यात दहाच्या दहा इलेक्ट्रॉन आहेत, नळी खाली येण्याऐवजी वर ढकलली जाईल.

चुंबक आल्यावर मोमेंट तयार होतो हे तुझं वाक्य डायमॅग्नेटिकला लागू पडतं. तिथं आधी काहीच नसतं. क्षेत्र आलं की इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यात थोडा बदल होतो आणि विरुद्ध दिशेचा मोमेंट उमटतो. त्याचा उष्णतेशी जवळजवळ संबंध नाही, म्हणून तो 30 ला जेवढा तेवढाच 75 ला.

मुक्ता_खानापूर
सर, सेल्सिअस आणि मिलिग्रॅम. नळीभोवती दुहेरी भिंतीचं काचेचं जॅकेट आहे, त्यात गरम पाणी फिरवलं. थर्मामीटर त्या पाण्यात. बंदचं वजन सकाळी एकदाच घेतलं, पुढे प्रत्येक वेळी चालूचं घेऊन त्यातून तेच वजा केलं. रिकामी नळी चुंबक चालू केल्यावर 4.0 ने हलकी झाली. काच हलकी कशी होईल, काट्याची चूक असेल म्हणून ती ओळ खोडली. मोरचूद लॅबच्या बाटलीतलंच आहे.

शहापूर_निवृत्त
ती खोडलेली ओळ परत लिही. अख्ख्या जर्नलमधली ती सगळ्यात मोलाची ओळ आहे. काच डायमॅग्नेटिक असते, ती वर ढकलली गेली आणि ते तू स्वतः काट्यावर पाहिलंस.

आता 30 आणि 60. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठतं ती जागा, अणूंची धडपड तिथं थांबत नाही. नियमातला T केल्विनमधला. 303 वरून तू 333 वर गेलीस, म्हणजे तापमान दुप्पट न होता दहावा हिस्सा वाढलं. 303 ला 333 ने भाग, 0.910 येतं. ओढ 9 टक्क्यांनी घटायला हवी, तुझी 11 टक्क्यांनी घटली. म्हणजे 60 ला काही झालं नाही असं नाही, थोडं जास्तच झालंय, आणि ते का ते आता बघू.

नळीची वरची ढकल दोन्ही रीडिंगमध्ये 4.0 च आहे. ती मिळवली की पुडीची खरी ओढ 32.3 आणि 29.2. गुणोत्तर 0.904. अजून थोडं उरतं. मोरचुदातलं पाणी आणि सल्फेट हेही डायमॅग्नेटिक आहेत. तक्त्यातले आकडे धरले तर त्यांची ढकल पुडीच्या ओढीच्या 8 टक्क्यांच्या आसपास भरते, इथं 2.7. तीही मिळवली की 35.0 आणि 31.9, गुणोत्तर 0.911. पण ही शेवटची पायरी फार ताणून मांडू नकोस. 0.1 मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तो फरक चुकीच्या मर्यादेला टेकतो.

निपाणी_अभि
सर, मग मोमेंट आधीच असतील तर ते सगळे चुंबकाच्या दिशेला का वळत नाहीत? सगळे वळले तर ओढ तापमानावर का अवलंबून राहील?

शहापूर_निवृत्त
कारण चुंबकाचा जोर उष्णतेच्या धक्क्यांपुढे फारच तोकडा पडतो. चुंबकाचं क्षेत्र अर्धा टेस्ला आणि तापमान 30 अंश धर. दोन हजार आयनांपैकी सुमारे 1001 क्षेत्राच्या बाजूला, 999 विरुद्ध. मुक्ताचा काटा जी ओढ दाखवतो ती त्या दोघांच्या फरकाची. तापवलं की तो फरक आणखी घटतो. तो T च्या व्यस्त प्रमाणात घटतो हे पिएर क्युरीने 1895 मध्ये मोजून दाखवलं, आणि उष्णतेचे धक्के विरुद्ध क्षेत्राची ओढ असा हिशोब लांजव्हॅंने 1905 मध्ये मांडला.

ओढ निम्मी करायची तर 606 केल्विन लागतील, म्हणजे 333 सेल्सिअस. तोवर मोरचुदातलं सगळं पाणी उडून पूड पांढरी पडलेली असेल. ओढ वाढवायची तर उलट थंड करायचं. द्रव नायट्रोजनमध्ये, 77 केल्विनला, जवळपास चौपट मिळेल.

उद्यमबाग_फौंड्री
सर, मग माझं 770 चुकीचं काय? आमच्याकडे प्रत्यक्ष दिसतं की.

शहापूर_निवृत्त
तुमचं 770 अगदी बरोबर आहे, फक्त ते लोखंडाचं. लोखंडात शेजारशेजारचे मोमेंट एकमेकांना धरून असतात, बाहेरचं चुंबक नसतानाही अख्खा पट्टा एका दिशेला. ती शेजाऱ्यांची पकड तुटायला एवढी उष्णता लागते. मोरचुदात तांब्याचे आयन पाण्याच्या आणि सल्फेटच्या आड एकमेकांपासून लांब बसलेले असतात, पकड जवळपास नाहीच. जी पकड नाही ती 75 ला तुटणार कशी? म्हणून कोसळण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. 770 च्या वर तुमचं लोखंडही पॅरामॅग्नेटिकच होतं, ओढ मोरचुदासारखीच घटत जाते. फरक इतकाच की तिथं तापमान निरपेक्ष शून्यापासून न मोजता त्या 770 च्या पुढे किती, असं मोजायचं.

मुक्ता, 75 नंतर नळी गार झाल्यावर परत वजन केलंस का?

मुक्ता_खानापूर
केलं होतं. सकाळच्यापेक्षा 14.6 मिलिग्रॅम कमी. नळी काढताना थोडी पूड सांडली असेल असं समजून सोडून दिलं. पण आता आठवतंय, वरच्या भागात काचेला आतून बारीक थेंब होते. आणि वरचा थर थोडा फिका पडला होता.

शहापूर_निवृत्त
मग पूड सांडली नाही, पाणी गेलं. मोरचूद साठीच्या पुढे पाणी सोडायला लागतं. नळीचं तोंड उघडं, वाफ बाहेर गेली. तू चालूच्या वजनातून सकाळचं बंदचं वजन वजा केलंस, म्हणून उडालेलं पाणी ओढीतली घट होऊन बसलं. 9.8 मध्ये 14.6 मिळव, 24.4. नियमाने 348 केल्विनला, दोन्ही ढकली धरून, 23.8 यायला हवं. 0.6 जास्त आहे, कारण गार होतानाही थोडं पाणी गेलं असेल. तांबं मात्र कुठंही गेलं नाही, म्हणून ओढ टिकून आहे.

उद्या प्रत्येक तापमानाला तीन वजनं घे: बंद, चालू, परत बंद. दोन बंदांची सरासरी चालूमधून वजा कर. 60 च्या पुढे जाऊ नकोस, 30 ते 55 मध्ये चार बिंदू पुरेत. आणि जॅकेटचं पाणी स्थिर झाल्यावर दहा मिनिटं थांब, पूड मागाहून तापते.

निपाणी_अभि
माझं एक अजून बाकी आहे. 60 लाही बंदचं वजन घेतलेलं नाही. तिथंही थोडं पाणी गेलं असेल तर ते 0.911 निव्वळ योगायोगाने जुळलं असेल. आणि लोखंडाचा मळ थोडा तरी असेलच.

शहापूर_निवृत्त
60 बद्दल तुझं बरोबर आहे. त्या गुणोत्तरावर मी पैज लावणार नाही, उद्याचे आकडे येऊ देत. मळाचं मात्र तपासता येतं. चुंबकाचा प्रवाह कमी-जास्त करून ओढ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलते का बघायचं. लोखंडाचे कण असतील तर त्यांचा मोमेंट थोड्याच क्षेत्रात भरून जातो आणि ओढ वर्गाप्रमाणे वाढेनाशी होते.

मुक्ता_खानापूर
आत्ता लॅबमधून आले. बंद-चालू-बंद केलं. 30 ला 28.2, 45 ला 26.6, 55 ला 25.7. 55 ला दोन बंदांमध्ये 0.2 चा फरक होता, म्हणजे तिथंही थोडं पाणी जात होतं. काचेचे 4.0 परत शाईने लिहिले. प्रवाह बदलून दोन रीडिंग घेतली, पण गॉसमीटर दुसऱ्या वर्गाकडे होता, त्यामुळे क्षेत्र किती बदललं ते मोजता आलं नाही. सोमवारी मिळाला तर करते.

अथणी_द्राक्षबाग
पाणी उडतं हे बरोबर. आमची पिशवी उन्हात राहिली तर वरचे खडे पांढुरके पडतात. तसले खडे वजनात जड पडतात का सर? म्हणजे किलोमागे तांबं जास्त मिळतं का?

शहापूर_निवृत्त
हो, पाणी कमी म्हणजे किलोमागे तांबं जास्त. पण किती ते डोळ्याने ठरवून बोर्डोचं प्रमाण बदलू नका, कोयत्याची परीक्षा चालू ठेवा.