मदत हवी आहे: बाळाच्या पापणीवरचा लाल डाग वाढतोय, थांबायचं की औषध सुरू करायचं?

मुलुंडकर_आई
माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे, वजन ५ किलो. जन्मली तेव्हा उजव्या वरच्या पापणीवर डास चावल्यासारखा फिकट ठिपका होता, तिसऱ्या आठवड्यापासून तो लाल व्हायला लागला आणि आता पिकलेल्या करवंदाएवढा फुगलाय, रडली की अजून गडद होतो. दर रविवारी त्याच खिडकीपाशी फोटो काढते म्हणून वाढ कळते, नाहीतर रोज बघणाऱ्याला कळलंच नसतं. आता पापणी जड होऊन खाली आलीये, बुबुळाचा वरचा भाग झाकला जातो. सासूबाई म्हणतात ग्रहणात बाहेर गेलीस त्याचं आहे. घराजवळचे डॉक्टर म्हणाले आपोआप जातं, वर्षभर थांबा. पण मला झोप लागत नाहीये. कोणाच्या बाळाला असं होतं का?

सुहास_काका
ताई, घाबरू नका. माझ्या भाच्याच्या पाठीवर असाच डाग होता, काही केलं नाही, शाळेत जाईपर्यंत गेला. जन्मखुणा जातात.

रेखा७४
माझ्या मुलाच्या डोळ्यातून सारखं पाणी यायचं, डॉक्टरांनी नाकाच्या बाजूला मसाज शिकवला, वर्षाच्या आत बरं झालं. तुम्हीही मसाज करून बघा.

मुलुंडकर_आई
रेखाताई, पाणी नाही येत हो, हा फुगीर डाग आहे. त्याला हात लावायलाच भीती वाटते.

दृष्टी_मधुरा
मी लहान मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मसाज अजिबात नको. सुहासकाका, पाठीवरच्या डागाबद्दल तुमचं बरोबर आहे, हे हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठी, बहुतेक वेळा वर्षानंतर हळूहळू फिके पडतात, पण त्याला काही वर्षं जातात आणि डोळा तेवढी वाट बघत नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू दोन्ही डोळ्यांकडून बघायला शिकत असतो. एका डोळ्यातून चित्र नीट आलं नाही तर मेंदू त्याला बाजूला टाकतो, मग डाग गेला तरी नजर कमीच राहते, त्याला लेझी आय म्हणतात.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बाहुली पूर्ण उघडी असली तरी धोका असतो. गाठ वरून दाबते आणि डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा वाकडा होतो, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर येतो, आणि बाहेरून बघून ते कोणालाच कळत नाही. त्यासाठी थेंब घालून नंबर तपासावा लागतो, तान्ह्या बाळाचाही तपासता येतो.

घरी एक करून बघा. ती जागी आणि खुशीत असताना चांगला डोळा तळहाताने अलगद झाका. मग दुसरा झाका. एकच डोळा झाकल्यावर ती चिडत असेल, तोंड फिरवत असेल, तर उघड्या राहिलेल्या डोळ्याने तिला नीट दिसत नाहीये. पण हे नॉर्मल वाटलं तरी तपासणी टाळू नका. वाढ सगळ्यात जोरात पहिल्या तीन ते पाच महिन्यांतच होते, म्हणून याच आठवड्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलुंडकर_आई
आत्ताच केलं. उजवा झाकला तर खुळखुळ्याकडे बघत राहिली. डावा झाकला तर रडून माझा हात ढकलला, दोनदा तसंच झालं. उद्याच जाते.

नितीन_ठाणे
प्रोप्रॅनोलॉल देतील बहुतेक. आमच्या बाबांना बीपीला हीच गोळी होती, बाळाला बीपीची गोळी कशी देतात? मला तर धोक्याचं वाटतं.

दृष्टी_मधुरा
औषध तेच, पण २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी बघितलं की हृदयासाठी दिलेल्या या औषधाने बाळांच्या गाठी आक्रसतात. तेव्हापासून पहिलं औषध हेच. अगदी पातळ, वरवरच्या डागाला टिमोलॉलचे थेंब पुरतात, हिच्या बाबतीत पापणी खाली आलीये म्हणून ते पुरतील असं वाटत नाही.

भीती अगदीच चुकीची नाही. आधी हृदयाचे ठोके आणि बीपी बघतात, बाळाला घरघर लागत असेल तर आधी सांगायचं. मुख्य धोका साखर उतरण्याचा. डोस नेहमी दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच, आणि ती दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन.

मुलुंडकर_आई
चार दिवसांनी लिहितेय, माफ करा. उजव्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर निघाला, डाव्याला जवळजवळ काही नाही. बालरोगतज्ज्ञांनी ठोके बघून पहिला डोस तिथेच दिला आणि दोन तास थांबवून ठेवलं. सुरुवात दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे तिला ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं. पुढे दुप्पट करणार, आणि वजन वाढेल तसा हिशोब बदलणार म्हणे, किमान सहा महिने तरी. हातपाय थोडे गार लागतात, ते होतं असं सांगितलंय. कालच्या फोटोत लाली थोडी मावळल्यासारखी वाटते, का माझ्याच मनाचे खेळ ते माहीत नाही.

उजव्या डोळ्याने बघायची सवय लागावी म्हणून डावा डोळा रोज थोडा वेळ पट्टीने झाकायला सांगितलाय, ती पट्टी लावली की इतकी रडते की शेजारच्या काकू विचारायला आल्या. आणि मधुराताई, गाठ बसली की नंबर पण जाईल का?

दृष्टी_मधुरा
काहींचा कमी होतो, काहींचा राहतो आणि चष्मा लागतो. लवकर सुरू केलंत तेवढी नंबर कमी व्हायची शक्यता जास्त. महिन्याभराने परत नंबर बघितला की कळेल. पट्टी दूध पिऊन झाल्यावर, ती जागी असताना लावून बघा, झोपेतला वेळ त्यात धरू नका.

रेखा७४
पट्टी सुती कापडाची चालेल का? माझ्याकडे मऊ कापड आहे, शिवून देते.

दृष्टी_मधुरा
नको ताई, कापडाच्या कडेने ती चोरून बघेल. चिकटणारीच हवी.