मदत हवी आहे: धरणांवरच्या फीचरचा मथळा

शब्दवेल्हाळ: धरणांवरच्या फीचरला मथळा सुचवा. डेस्कनं 'टेमघर कोरडंठाक, पुणेकरांच्या घशाला कोरड' दिलाय, तो मला पटत नाही. माझा 'खडकवासला प्रकल्पातील पाणीसाठ्याची सद्यस्थिती' परत आला, सरकारी पत्रक वाटतं म्हणे. उपमथळेही हवेत. संध्याकाळी पान सोडायचंय.

सिंहगडरोडकर: आमच्या सोसायटीत टँकर येतोय, त्यावर लिहा की! टँकरवाले मागतील तो भाव.

जुना_उपसंपादक: टेमघर आटलंय की रिकामं केलंय? बाकी तीन धरणांचं काय? जागा किती?

शब्दवेल्हाळ: दुरुस्तीसाठी रिकामं केलंय. पानशेत, वरसगावात पाणी आहे. उन्हाळी आवर्तन दौंड-इंदापूरला सोडलं तर शहराला जुलैअखेर पाणी पुरेल का, यावर पाटबंधारे आणि महापालिका यांचं जुळत नाही. तीन कॉलम, दोन ओळी.

क्लिकवाला: 'पुण्याचं पाणी संपणार?' असं द्या. प्रश्नचिन्ह असलं की कुणी खोटं म्हणू शकत नाही. माझ्या चॅनलवर असेच थंबनेल चालतात.

जुना_उपसंपादक: नाही हो. वाचक प्रश्नचिन्ह विसरतो, 'संपणार' तेवढं लक्षात ठेवतो. चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, त्यात टेमघर ३.७१. म्हणजे जेमतेम आठवा भाग. 'कोरडंठाक' म्हटलं की उन्हानं आटलं असा अर्थ होतो, म्हणजे कारणच बदललं. पण ताई, तुमच्याही मथळ्यात खरी बातमी नाही. ती वाटपाच्या वादात आहे, तोच वर आणा:

टेमघर रिकामं, उरलेल्या पाण्यावर शहर आणि शेतीचा दावा

खाली: 'आवर्तन सोडल्यास शहराला जुलैअखेर पाणी पुरेल का, यावर दोन यंत्रणांचं एकमत नाही'. इथला प्रश्न चालतो, कारण तो खरोखरच सुटलेला नाही.

मधले उपमथळे 'भीषण वास्तव' छापाचे नकोत. 'टेमघर का रिकामं केलं?', 'कालव्यातून दौंड-इंदापूरला किती?' असे द्या. मात्र 'किती'चा आकडा त्याच उपमथळ्याखाली हवा. नसेल तर 'किती' काढा.

क्लिकवाला: 'दोन यंत्रणांचं एकमत नाही' हे कोण वाचणार? झोप येईल.

भीमाकाठ: मी इंदापूरचा. आवर्तन चुकलं तर उभा ऊस वाळतो. पुण्याच्या मथळ्यात आम्ही नेहमी पाणी पळवणारेच का?

जुना_उपसंपादक: दादांचा मुद्दा रास्त आहे. ताई, शेतकऱ्यांशी बोललात ना? लेखात त्यांची बाजू नसेल, तर 'शेतीचा दावा' मथळ्यात टाकता येणार नाही.

शब्दवेल्हाळ: इंदापूरच्या एका शेतकऱ्याचं म्हणणं आहे, पण अगदी शेवटच्या परिच्छेदात.

जुना_उपसंपादक: मग ते दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात आणा. शेवटचा परिच्छेद जागेसाठी कापला गेला, तर मथळा अधांतरी राहील.

शब्दवेल्हाळ: आणते. डेस्कला 'रिकामं' फिकं वाटतंय, 'दुरुस्तीसाठी टेमघर रिकामं' केलं तर दोन ओळींत बसत नाही. 'दुरुस्ती' खालच्या ओळीत टाकली तर चालेल?

सिंहगडरोडकर: आणि टँकरचं कधी लिहिणार?