ग्रोव्हर सर्च: फेऱ्या वाढवल्या की उत्तर हातचं का जातं? (मदत हवी आहे)

कातरवेळ: १६ नोंदींतली एक शोधायला चार क्यूबिटचं सर्किट सिम्युलेटरवर चालवतेय. ओरॅकल आणि डिफ्यूजन मिळून एक फेरी. १०२४ शॉट्सपैकी खुणेची नोंद तीन फेऱ्यांनंतर ९८३ वेळा आली. खात्री वाढावी म्हणून सहा फेऱ्या केल्या, तर फक्त २२ वेळा! डोळे मिटून उचलली असती तरी ६४ वेळा आली असती. फेऱ्या √N च्या आसपासच का लागतात, आणि जास्त झाल्या की हे असं का होतं?

सह्यकडा: नॉइज. सर्किट लांबलं की चुका साठतात, खऱ्या मशीनवर हे नेहमीचंच.

कातरवेळ: पण मी नॉइज मॉडेल जोडलेलंच नाही.

कोनमापक: सह्यकडा, खऱ्या मशीनवर ते होतंच. पण नॉइजने निकाल ६४ कडे सरकेल, ६४ च्या इतका खाली जाणार नाही. इथे गणितच उत्तरापासून दूर नेतंय.

अ‍ॅम्प्लिट्यूड बघा. सुरुवातीला सगळ्यांचं ०.२५, म्हणजे १/√N. ओरॅकल खुणेच्या नोंदीचं चिन्ह उलटवतं, मग डिफ्यूजन प्रत्येक अ‍ॅम्प्लिट्यूड सरासरीभोवती उलटवतं. फेरीगणिक खुणेचं होतं ०.६९, ०.९५, ०.९८. सुरुवातीला सरासरी १/√N च्या जवळपास असते, त्यामुळे एका फेरीत वाढ फार तर २/√N. १ पर्यंत पोचायला म्हणूनच √N च्या पटीत फेऱ्या लागतात. नेमकं सांगायचं तर ०.७८५ × √N. इथे ३, दहा लाख नोंदींना सुमारे ७८५.

आता तिसऱ्या फेरीनंतर उरलेल्या पंधरा नोंदी बघा: त्या उणे झाल्यात, प्रत्येकी −०.०५. चौथ्या फेरीत ओरॅकलने चिन्ह उलटवलं की सरासरीही उणे होते, आणि जे डिफ्यूजन भर घालत होतं तेच काढून घेतं. ०.९८ चं ०.७६, मग ०.३५. शक्यता म्हणजे याचा वर्ग: ९६, ५८, १३ आणि सहाव्या फेरीला २ टक्के. पुढे ती पुन्हा चढते, कारण हे फिरणं आहे, साठवण नाही.

पाटावरवंटा: माझ्याही १६ नोंदी, फेऱ्याही तीन, पण ३३ टक्केच येतात. ओरॅकल चुकलंय का?

कोनमापक: खुणा किती?

पाटावरवंटा: दोन.

कोनमापक: मग N च्या जागी N/M घ्या, म्हणजे ८. दोन फेऱ्यांना दोन्ही मिळून साडेचौऱ्याण्णव टक्के येतील, तिसरीला घसरण. ओरॅकल बरोबर आहे.

कातरवेळ: आणि खुणा किती तेच ठाऊक नसेल तर?

कोनमापक: फेऱ्यांची संख्या यादृच्छिक घ्यायची, मोजायचं, उत्तर तपासायचं, चुकलं तर कमाल मर्यादा थोडी वाढवून पुन्हा पहिल्यापासून. तरी एकूण काम √(N/M) च्याच पटीत राहतं.

सह्यकडा: आणि खूण एकही नसेल तर थांबायचं कधी?