मदत हवी आहे: केमिस्ट्री प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल येणार, रीडिंग चुकलं तर किती मार्क जातात?

जर्नलवाली_त्रस्त:
बीएस्सी केमिस्ट्री थर्ड इयर. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, एक्स्टर्नल बाहेरच्या कॉलेजचे आहेत. ५० मार्कांचं आहे, त्यात एक टायट्रेशन, एक ऑरगॅनिक, व्हायवा आणि जर्नल. नोटीसवर फक्त एवढंच लिहिलंय की व्हायवा ५ आणि जर्नल ५, बाकीचे ४० दोन एक्सपेरिमेंटमध्ये कसे वाटतात ते कोणी नीट सांगत नाहीये. माझं टायट्रेशन नेहमी ०.४-०.५ ने हलतं, म्हणजे अख्खे २० गेले का? आणि मी मध्ये आजारी होते त्यामुळे जर्नलमधल्या दोन एक्सपेरिमेंटवर सही नाहीये, नंतर मैत्रिणीकडून रीडिंग घेऊन लिहिलेत. एक्स्टर्नल हे बघतात का?

बंटी_द_सीनियर:
टेन्शन घेऊ नको गं. एक्स्टर्नल फक्त व्हायवा घेतो आणि चहा पितो, मार्क इंटर्नलच देतात. तीन रीडिंग सेम आली की फुल मार्क, कॅल्क्युलेशन कुणी बघत नाही. जर्नलचे ५ तर हातचेच.

फिजिक्सवाला९:
आमच्याकडे तर चिठ्ठी उचलायची असते, मला नेमका स्पेक्ट्रोमीटर आला आणि प्रिझमचं मिनिमम डेव्हिएशन सापडायलाच तास गेला. ग्राफचे वेगळे मार्क असतात का? चिठ्ठी बदलून मिळते म्हणे पण मार्क कापतात.

जर्नलवाली_त्रस्त:
अरे मी टायट्रेशनबद्दल विचारतेय 😅

घारपुरे_मॅडम:
मी बरीच वर्षं शिकवते आणि एक्स्टर्नल म्हणूनही जाते, तर टेबलाच्या पलीकडून सांगते. बंटीचं एक बरोबर आहे, मार्कशीटवर दोघांच्या सह्या असतात आणि इंटर्नलला मुलं माहीत असतात म्हणून त्यांचं ऐकलं जातं. पण तीन रीडिंग सेम म्हणजे फुल मार्क, हे साफ चूक.

कसं असतं बघ. परीक्षेत तुला फ्लास्कमध्ये थोडंसं सोल्यूशन दिलेलं असतं, ते तू १०० मिली मार्कपर्यंत डायल्यूट करायचं आणि त्यातून १० मिली पिपेटने घ्यायचं. किती सोल्यूशन घातलंय ते आम्हाला माहीत असतं, म्हणून तुझं रीडिंग किती यायला हवं हेही आमच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. शेजारच्या मुलीला मुद्दाम वेगळी क्वांटिटी दिलेली असते, त्यामुळे तिचं रीडिंग बघून काही फायदा नाही. तुझं रीडिंग आमच्या आकड्यापासून किती लांब त्यावर अ‍ॅक्युरसीचे मार्क, साधारण ०.२ मिलीच्या आत असलीस तर पूर्ण किंवा जवळपास पूर्ण, पुढे टप्प्याटप्प्याने कमी. युनिव्हर्सिटीप्रमाणे टप्पे बदलतात पण पद्धत हीच.

मोहर सॉल्टमधलं आयर्न धर. परमँगनेट ०.०५ नॉर्मल, रीडिंग यायला हवं १०.४. म्हणजे १० मिलीत १०.४ गुणिले २.७९, साधारण २९ मिलिग्रॅम आयर्न, आणि १०० मिलीत २९०. आता एका मुलाला १०.४ बरोबर आलं पण तो दहाने गुणायला विसरला आणि २९ लिहून मोकळा झाला. त्याचे कॅल्क्युलेशनचे एखाद-दोन मार्क जातात, अ‍ॅक्युरसीचे शाबूत राहतात. दुसऱ्याला तिन्ही वेळा ११.३ आलं, टेबल छान, गणित छान, पण अ‍ॅक्युरसी गेली. तो शेवटपर्यंत म्हणत होता मॅडम तिन्ही सेम आहेत. सेम येणारच, कारण चूक फ्लास्कमध्ये होती, त्याने मार्कपर्यंत पाणीच भरलं नव्हतं, सोल्यूशन दाट राहिलं.

जर्नलवाली_त्रस्त:
अय्यो. मग माझं ०.५ ने हलतं ते कशामुळे?

घारपुरे_मॅडम:
तुझी रीडिंग आपापसातच वेगळी येतात का? मग डायल्यूट केल्यावर बूच लावून फ्लास्क उलटा-सुलटा नीट हलवत नसशील, वर पातळ आणि खाली दाट राहतं. नाहीतर एंड पॉइंट, फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं, गडद होईपर्यंत सोडत बसायचं नाही. आणि आपापसात जुळतात पण नेहमी जास्तच येतात असं असेल तर कोनिकल फ्लास्क कशाने धुतेस ते बघ. पिपेट सोल्यूशनने खळबळायचं, कोनिकल फक्त डिस्टिल्ड वॉटरने. निम्मी मुलं कोनिकलही सोल्यूशनने खळबळतात.

एक अजून, रीडिंग पेनने डायरेक्ट उत्तरपत्रिकेत लिही आणि आम्ही फिरत येऊ तेव्हा सही घे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिही. व्हाइटनर दिसला की मी तरी लगेच ब्युरेटकडे बघते.

रसायनप्रेमी_७७:
व्हायवाला मला विचारलेलं, परमँगनेटमध्ये एचसीएल का नाही घालत. मी म्हटलं अ‍ॅसिड स्ट्राँग असतं म्हणून, झालं, सर हसले.

घारपुरे_मॅडम:
हा हमखास प्रश्न आहे. परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं, क्लोरिन निघतो, म्हणजे परमँगनेट आयर्नशिवाय भलतीकडेच खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. सल्फ्युरिकला तो त्रास नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, सल्फ्युरिक कमी पडलं तर? फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. आणि ब्युरेटमध्ये परमँगनेटची वरची कड का वाचतो, तर सोल्यूशन इतकं गडद असतं की खालची वक्र रेषा दिसतच नाही. व्हायवा बहुतेक तुझ्यासमोरच्या एक्सपेरिमेंटवरूनच सुरू होतो, तुझ्या हातात काय चाललंय ते समजलंय का एवढंच बघायचं असतं.

बंटी_द_सीनियर:
ओके मॅडम, पण जर्नलचे ५ तर मिळतातच ना?

घारपुरे_मॅडम:
सर्टिफाइड जर्नल नसेल तर पुष्कळ ठिकाणी परीक्षेलाच बसू देत नाहीत, जर्नल खरंच हरवलं तर एचओडींचं सर्टिफिकेट लागतं. ५ मार्क देताना मी पानं चाळते, एखाद्या एक्सपेरिमेंटवरून प्रश्न विचारते. एकदा दोन मुलींची एका प्रयोगाची सगळी रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी होती, त्यातलं चुकीचं खोडलेलंसुद्धा तेच! काही बोलले नाही, फक्त विचारलं की हे कशावरून खोडलं, दोघी गप्प. त्रस्त, तुझ्या त्या दोन एक्सपेरिमेंटचं सरळ सांगते, मैत्रिणीची रीडिंग ठेवू नकोस. टीचरकडे जा, आजारपणाचा कागद दाखव आणि रिपीट करून सही मिळते का विचार.

सह्याद्री_झू:
आमच्याकडे झूलॉजीला सरांनी रिपीट करायला चक्क नाही म्हटलं, बॅच संपली म्हणे. शेवटी सहीशिवायच एक्स्टर्नलसमोर ठेवलं, त्यांनी ते पान उलटलंच नाही. नशीब म्हणा.

घारपुरे_मॅडम:
होतं असंही. हे कॉलेजप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतं, मी खात्री देऊ शकत नाही.

जर्नलवाली_त्रस्त:
उद्या सरांना भेटते. मॅडम, ऑरगॅनिकच्या २० मार्कांत डेरिव्हेटिव्ह नाही बनलं तर किती जातात? आमच्या बॅचमध्ये ते कुणाचंच क्रिस्टल होऊन येत नाही.

फिजिक्सवाला९:
माझ्या ग्राफचं कोणी सांगेल का 🙏