मदत हवी आहे: मायकोप्लाझ्माच्या ब्रॉथमध्ये पेनिसिलिन का घालतात, आणि माझ्या नळ्यांत काहीच का वाढत नाही?

पायवाट

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक पदव्युत्तर शिकतोय, विषय कोंबड्यांचा सीआरडी, म्हणजे जुनाट श्वसनरोग. अंड्यावरच्या एका फार्मवर पक्षी शिंकत होते, घशात घरघर, डोळ्यांत फेस, अंडी घटलेली. श्वासनलिकेचे स्वॅब घेतले. पीसीआरमध्ये मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम पॉझिटिव्ह आला, पण मला जिवंत जंतू हवाय, कारण पुढे कोणतं औषध कितपत चालतं ते तपासायचंय.

माध्यम असं केलं: पीपीएलओ ब्रॉथ ऑटोक्लेव्ह करून गार केला, मग 15 टक्के घोड्याचं सीरम, यीस्टचा अर्क, ग्लुकोज, आम्ल झालं की लालचा पिवळा होणारा फिनॉल रेड आणि पेनिसिलिन मिलीलीटरला 1000 युनिट. पीएच 7.8. प्रोटोकॉलमध्ये थॅलियम अ‍ॅसिटेटही आहे, पण आमच्या विभागात त्याला परवानगी नाही, म्हणून वगळलं. 37 अंशांवर ठेवलं.

काही नळ्या दुसऱ्याच दिवशी पिवळ्या आणि गढूळ झाल्या. उरलेल्या आठवडा उलटला तरी लालच आहेत. अगार प्लेटवरही काही नाही.

दोन प्रश्न आहेत. ज्या जंतूला वाढवायचं त्याच्याच खाद्यात प्रतिजैविक का घालायचं? पेनिसिलिन त्याला मारत नाही हे पाठ आहे, पण हजार युनिटलाही काहीच होत नाही हे पटत नाही. आणि माझं नेमकं चुकतंय कुठे?

रानवेली

पहिल्याचं सोपं आहे. मायकोप्लाझ्मा म्हणजे पेनिसिलिनच्या माऱ्यामुळे भित्तिका टाकून दिलेले साधेच जीवाणू. त्यांना एल-फॉर्म म्हणतात. पेनिसिलिन भित्तिकेवर काम करतं, भित्तिका नाही म्हणून चालत नाही. पेनिसिलिन काढून घेतलं की ते पुन्हा भित्तिका बांधतात, म्हणून ते माध्यमात ठेवावंच लागतं. तुझं पेनिसिलिन कमी पडत असेल, दुप्पट करून बघ.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

रानवेली, भित्तिका नाही म्हणून पेनिसिलिन चालत नाही, एवढं बरोबर. बाकीचं नाही. एल-फॉर्म ही वेगळी गोष्ट. 1935 साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एमी क्लिनेबर्गर यांनी स्ट्रेप्टोबॅसिलसमध्ये ती पाहिली, आणि बरीच वर्षं लोक या दोघांत गल्लत करत राहिले. एल-फॉर्मकडे भित्तिका बांधायची जनुकं असतात, म्हणून त्यातले काही परत मूळ रूपात येतात. मायकोप्लाझ्माकडे ती जनुकंच उरलेली नाहीत. त्याचे पूर्वज ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू होते. प्राण्यांच्या शरीरात राहता राहता एकेक जनुक गळत गेलं आणि भित्तिकेचं सगळं सामानही त्यात गेलं. पेनिसिलिन काढा किंवा ठेवा, तो परत भित्तिका बांधत नाही.

पायवाट, आता हजार युनिटचं. साध्या जीवाणूच्या भित्तिकेत साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्या आडव्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या. हे दुवे बांधणारं एक एन्झाइम असतं आणि पेनिसिलिन त्याच एन्झाइमला घट्ट चिकटून बसतं. जीवाणू वाढताना जुने दुवे तोडत राहतो, नवे बांधले जात नाहीत, भित्तिका जागोजागी उसवते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. म्हणजे मारतो तो आतला दाब, पेनिसिलिन फक्त बांधकाम थांबवतं. मायकोप्लाझ्मात साखळ्या नाहीत, दुवे नाहीत, ते एन्झाइमही नाही. पेनिसिलिनला चिकटायला जागाच नाही. एरवी जीवाणू पेनिसिलिन फोडून टाकतो तेव्हा मात्रा वाढवून कधीकधी फरक पडतो, इथे शंभर काय आणि हजार काय, त्याला सारखंच. सेफॅलोस्पोरिन आणि व्हँकोमायसिनचंही तेच.

म्हणूनच ते माध्यमात घालतात. कोंबडीच्या घशात इतर जीवाणू भरपूर, ते वीस मिनिटांत दुप्पट होतात, मायकोप्लाझ्माला काही तास लागतात. त्यांना आवरलं नाही तर तुमचा जंतू दिसायच्या आत ग्लुकोज संपतं.

मग भित्तिकेशिवाय हा फुटत कसा नाही, हेही लक्षात घ्या, कारण वाढवायची सगळी गोम तिथेच आहे. त्याचं पेशीपटल कोलेस्टेरॉलने भक्कम झालेलं असतं. जीवाणूंमध्ये हे फार दुर्मिळ. आणि ते कोलेस्टेरॉल त्याला स्वतःला बनवता येत नाही, प्राण्याकडून घ्यावं लागतं. नळीत ते मिळतं सीरममधून. सीरम खराब तर वाढ नाही. गॅलिसेप्टिकमसाठी मी डुकराचं सीरम वापरत आलो. घोड्याचंही चालतं, पण प्रत्येक नवा लॉट आधी माहीत असलेल्या स्ट्रेनवर तपासून घ्यायचा. सीरम 56 अंशांवर अर्धा तास ठेवलं होतं का? आणि पेनिसिलिन कुठलं वापरलंत? बाटलीवरची अक्षरं जशीच्या तशी लिहा.

ओवी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलाला गेल्या हिवाळ्यात कोरडा खोकला होता, अंगात कणकण, पण शाळेत जाण्याइतका बरा. आधी अमॉक्सिसिलिन दिलं, काही फरक नाही. मग डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं आणि खोकला उतरला. डॉक्टर मायकोप्लाझ्मा म्हणाले होते. आमच्या शेजारी कोंबड्या आहेत. त्यांच्याकडून आला असेल का?

सेवानिवृत्त_पशुवैद्य

नाही, ओवीताई. माणसाच्या फुप्फुसातला तो मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये, माणसाकडून माणसाला लागतो. कोंबड्यांचा वेगळा, तो माणसाला आजारी पाडत नाही. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घरातलं, त्यामुळे त्याचा उपयोग न होणं समजण्यासारखं आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन जंतूचं प्रथिन बनवणं थांबवतं, भित्तिकेशी त्याचा संबंध नाही. पण विषाणूचा खोकलाही त्याच सुमारास आपोआप उतरतो, म्हणून तेवढ्यावरून मी काही ठरवणार नाही. पुढच्या वेळी औषध डॉक्टरांना विचारूनच.

आणि तो जंतू वाढवणं आणखी अवघड. 1944 साली ईटन यांनी तो कोंबडीच्या गर्भात वाढवला तेव्हा सगळे त्याला विषाणूच समजत होते. पेशींशिवाय, नुसत्या अगारवर तो वाढला 1962 साली, चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅराइल यांच्याकडे. दवाखान्यात त्याची संवर्धन चाचणी सहसा करत नाहीत, कारण वसाहत दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर रुग्ण बरा झालेला असतो.

पायवाट

सर, सीरम 56 अंशांवर अर्धा तास ठेवलं होतं. पेनिसिलिनची बाटली विभागाच्या फ्रिजमधली, जनावरांच्या इंजेक्शनची. लेबलवर: स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट 2.5 ग्रॅम, प्रोकेन पेनिसिलिन 15 लाख युनिट, पेनिसिलिन सोडियम 5 लाख युनिट. एकूण 20 लाख धरून मी हिशोब केला होता.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

सापडलं, निदान एक कारण तरी. हे स्ट्रेप्टोपेनिसिलिन आहे. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन रायबोसोमवर काम करतं आणि रायबोसोम मायकोप्लाझ्माकडेही असतात. हिशोब बघा: 20 लाख युनिटमागे 2.5 ग्रॅम, म्हणजे 1000 युनिटमागे 1.25 मिलिग्रॅम. तुमच्या प्रत्येक मिलीलीटर ब्रॉथमध्ये 1250 मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन गेलंय. शिवाय प्रोकेन पेनिसिलिन नीट विरघळत नाही, त्यामुळे गाळतानाही अडचण.

नुसतं बेंझिल पेनिसिलिन आणा. 10 लाख युनिटची बाटली 10 मिलीलीटर निर्जंतुक पाण्यात विरघळवा, म्हणजे मिलीलीटरला एक लाख. त्यातलं एक मिलीलीटर 100 मिलीलीटर ब्रॉथला. ऑटोक्लेव्हनंतर, गार झाल्यावरच. 37 अंशांवर पेनिसिलिन हळूहळू निकामी होत जातं, म्हणून जुना ब्रॉथ फार दिवस ठेवू नका.

पेशीवाली

मी पेशीसंवर्धनाच्या लॅबमध्ये काम करते आणि मला हे अर्धंच पटतंय. आमच्या सगळ्या फ्लास्कमध्ये पेन-स्ट्रेप असतं आणि तरी मायकोप्लाझ्मा आम्हाला छळतो. ब्रॉथ गढूळ होत नाही, पेशी नुसत्या मंदावतात. डीएनए रंगवला की पेशींच्या कडेने बारीक ठिपके दिसतात. स्ट्रेप्टोमायसिन त्याला मारत असतं तर हे झालं नसतं.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

तुमचं म्हणणं रास्त आहे. पण तुमच्या फ्लास्कमध्ये स्ट्रेप्टोमायसिन 100 मायक्रोग्रॅम असतं, इथे त्याच्या बारापट आहे. आणि तुमच्याकडे जो टिकतो तो वर्षानुवर्षं त्याच औषधात निवडला गेलेला. फार्मवरच्या स्ट्रेनमध्येही काही सहन करणारे असतात. म्हणून ‘हेच एकमेव कारण’ असं मी म्हणत नाही. पायवाट, पक्ष्यांना पाण्यातून टायलोसिन हे प्रतिजैविक दिलं होतं का? दिलं असेल तर पीसीआर मेलेल्या जंतूलाही पॉझिटिव्ह येतो आणि नळी मात्र कोरी राहते.

पायवाट

फार्मवाले म्हणतात, मी स्वॅब घेण्याच्या आधी दिलं होतं, किती दिवस ते नक्की सांगत नाहीत.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

मग औषध न मिळालेल्या शेडमधून, नुकत्या शिंकू लागलेल्या पक्ष्यांचे स्वॅब घ्या. स्वॅब कोरडा ठेवू नका. भित्तिका नसल्यामुळे हा वाळला की लवकर मरतो. काडी ब्रॉथमध्ये घुसळून लगेच बर्फावर.

पिवळ्या गढूळ नळ्यांचं उत्तर सोपं आहे: थॅलियम नाही, त्यामुळे पेनिसिलिनला न जुमानणारे ग्रॅम निगेटिव्ह सुटले. थॅलियम फार विषारी आहे, कातडीतूनही जातं, तेव्हा विभागाने नाही म्हटलं ते योग्यच. त्याऐवजी नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मायकोप्लाझ्मा लहान आणि लवचीक, तो पार होतो, बाकीचे बहुतेक अडकतात. थोडे मायकोप्लाझ्माही वाया जातात, त्यामुळे एक नळी न गाळलेलीही ठेवा. नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करूनही लावा, कधीकधी ऊतीतलेच घटक वाढ रोखतात.

ओळखायचं असं: एका रात्रीत पिवळं आणि गढूळ म्हणजे दुसरा कोणी. चार-पाच दिवसांनी किंवा आणखी उशिरा हळूहळू नारिंगी, मग पिवळं, आणि ब्रॉथ मात्र जवळजवळ स्वच्छ, म्हणजे आशा धरा. लाल राहिलेली नळीही फेकू नका, आठवड्याने त्यातलं थोडं नव्या ब्रॉथमध्ये टाका.

पायवाट

सर, नवीन बाटली, नवे स्वॅब, फिल्टर, सगळं केलं. पातळ केलेल्या एका नळीचा रंग सहाव्या दिवशी नारिंगी झाला, ब्रॉथ स्वच्छ. त्यातलं अगारवर टाकलं, ओलसर डब्यात, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. आज स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक गोल ठिपके दिसले. काहींच्या मध्यभागी गडद भाग आहे, तळलेल्या अंड्यासारखा. काही मात्र नुसते खडबडीत. लूपने उचलायला गेलो तर उचलले जात नाहीत.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

उचलले जाणार नाहीत, कारण मधला भाग अगारच्या आत रुतून वाढतो. ठिपक्यासकट अगारचा तुकडा कापा, नव्या प्लेटवर पालथा ठेवून हलकेच सरकवा, दुसरा तुकडा ब्रॉथमध्ये टाका. खडबडीत ठिपके सीरमच्या साबणाचे स्फटिक असू शकतात. ते पुढच्या प्लेटवर वाढत नाहीत आणि डिनीस रंगही धरत नाहीत. दोन्ही करून बघा.

आणि लगेच गॅलिसेप्टिकम असं लिहू नका. कोंबडीच्या घशात निरुपद्रवी मायकोप्लाझ्माही असतात, त्यातला गॅलिनेशियमही ग्लुकोज वापरून ब्रॉथ पिवळा करतो. एकेक वसाहत वेगळी करून पुन्हा पीसीआर लावा. मूळ स्वॅबमध्ये दोन्ही असतील तर त्यातला वेगाने वाढणारा तुमच्या नळीत आला असण्याची शक्यता आहे.

पायवाट

तुकडा सरकवून प्लेट लावली आहे. स्ट्रेप्टोमायसिनचंही बघतो: याच वसाहतीतून एक नळी जुन्या बाटलीची आणि एक नव्या बाटलीची, शेजारी शेजारी.

पेशीवाली

ते नक्की लिहा इथे. जुन्या बाटलीतही वाढला तर दोष टायलोसिनचा म्हणावा लागेल.

सेवानिवृत्त_पशुवैद्य

किंवा सीरमचा. ते अजून तपासलेलं नाही.