प्रतिसाद: सार्कॉइड, सुईने तपासणी आणि स्टिरॉइड

> "आईच्या सीटी स्कॅनमध्ये छातीत दोन्ही बाजूंच्या गाठी सुजलेल्या दिसतात. खोकला थोडाच आहे. सार्कॉइड असेल तर स्टिरॉइड लगेच सुरू करायचे का?"

आधी गाठीचा तुकडा तपासायचा, मग गोळी. सार्कॉइड म्हणजे फुप्फुसं, छातीतल्या गाठी किंवा इतर अवयवांत दाहक पेशींचे सूक्ष्म पुंजके तयार होणारा आजार. आपल्याकडे अशा गाठींमागे टीबी असण्याची शक्यता कायम असते आणि नुसत्या स्कॅनवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ईबस म्हणजे श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या मदतीने गाठीत सुई घालून नमुना घेतात. तो दोन ठिकाणी गेलाच पाहिजे: काही भाग पॅथॉलॉजीला, काही टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट चाचणीला आणि जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरला. सगळाच फॉर्मालिन या जंतू मारणाऱ्या द्रवात बुडवला तर कल्चर होत नाही; ही चूक वारंवार होते. कल्चर निगेटिव्ह म्हणायला सुमारे सहा आठवडे लागतात. रिपोर्टमध्ये 'नेक्रोसिस नसलेला ग्रॅन्युलोमा', म्हणजे मधला भाग मृत न झालेला पेशींचा पुंजका, आला तरी तो एकटा पुरावा नव्हे, टीबीतही तसा दिसू शकतो. स्टिरॉइड आधीच दिले तर ग्रॅन्युलोमा विरघळतात आणि टीबी असेल तर तो भडकतो.

सार्कॉइड ठरलं, तरी फक्त गाठी आहेत, फुप्फुसाची क्षमता चांगली आहे, तर बहुधा औषध लागत नाही. अशा बऱ्याच जणांच्या गाठी आपोआप ओसरतात. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते. मात्र डोळ्यांची तपासणी, ईसीजी आणि रक्तातलं कॅल्शियम आताच करून घ्या. हृदय, मेंदू किंवा डोळ्याच्या आत आजार असेल, कॅल्शियम बरंच वाढलं असेल, किंवा दम वाढून फुप्फुसाची क्षमता घसरत असेल, तर उपचार टाळू नयेत. फुप्फुसासाठी प्रेडनिसोलोन साधारण रोज २० ते ४० मिग्रॅने सुरू करून महिन्यांत हळूहळू कमी करतात. व्हिटॅमिन डीची गोळी स्वतःहून देऊ नका, कॅल्शियम आणखी चढू शकतं.