प्रतिसाद: जर्मन वर्गासाठी पाहुण्यांची ओळख

"बी-वनच्या मुलांनी डॉक्टर पाहुण्यांची ओळख लिहिलीय, सगळी भूतकाळात. चालेल?"

जन्म, शिक्षण भूतकाळातच ठेवा. पण २०१० पासून आजतागायत चालू असलेल्या कामाला जर्मनमध्ये वर्तमानकाळ लागतो: 'झी आर्बाइटेट झाइट २०१० आल्स एर्त्स्टिन'. आपणही 'काम करतात' असंच म्हणतो, मुलं इंग्रजीच्या वाटेनं जातात म्हणून घोळ होतो. 'हाट गेआर्बाइटेट' म्हटलं की बाईंनी नोकरी सोडली असं वाटतं! 'आल्स'नंतर व्यवसायाला 'आइने' लावायचं नाही, तेही बघा.

आणि पाहुण्यांचं नाव शेवटच्या वाक्यात पुन्हा येऊ द्या: 'बिटं बेग्र्यूसन झी मिट मिअर फ्राउ डॉक्टर अमुक'. नाव मध्येच अडकलं की टाळ्या कधी वाजवायच्या तेच सभागृहाला कळत नाही.